आगीत जळालेल्या मालाची किंमत कशी काढायची: ढोबळ नफ्याच्या पद्धतीने विमा दाव्याचा हिशेब

गोदाम जळाल्यावर मोजायला माल उरत नाही. मग विमा कंपनीला सांगायचे काय? यावरचा रूढ उपाय असा: वर्षाच्या सुरुवातीला किती माल होता ते घ्यायचे, आगीच्या दिवसापर्यंत आलेला माल त्यात मिळवायचा आणि विक्रीत गेलेला माल वजा करायचा. उरेल तेवढा माल आगीच्या वेळी गोदामात असायला हवा.

अडचण एकाच ठिकाणी येते. सुरुवातीचा माल आणि खरेदी वह्यांत खरेदीच्या भावाने असतात, विक्री मात्र विक्रीच्या भावाने. विक्रीच्या रकमेतून नफा बाजूला काढल्याशिवाय गेलेल्या मालाची खरेदी किंमत कळत नाही. तो नफा काढण्यासाठी गेल्या वर्षाचा ढोबळ नफ्याचा दर वापरतात, म्हणून या पद्धतीला ढोबळ नफ्याची पद्धत म्हणतात.

गणित सोपे आहे, शाळकरी मुलालाही जमेल. पण एक गोष्ट आधीच ध्यानात घ्या. जळालेल्या मालाचा आकडा इथे थेट कुठेच मोजलेला नसतो, तो बाकीच्या आकड्यांची वजाबाकी म्हणून शेवटी उरतो. त्यामुळे खरेदीत, विक्रीत किंवा नफ्याच्या दरात झालेली प्रत्येक चूक त्याच एका आकड्यात जाऊन बसते. खरे काम गणिताचे नसून त्यात घालायचे आकडे साफ करण्याचे आहे, आणि या लेखाचा बहुतेक भाग त्यावरच आहे.

आधी काय हाताशी हवे

गेल्या वर्षाचे व्यापार खाते आणि वर्षअखेरच्या साठ्याची यादी, चालू वर्षाची खरेदी व विक्रीची नोंदवही, मालाच्या आवक-जावकीची चलने, बँकेचे उतारे आणि पॉलिसी. यातली साठ्याची यादी सर्वात महत्त्वाची. नुसती एक ठोक रक्कम नको. कोणता माल, किती नग, कोणत्या भावाने असे तपशील असलेली यादी हवी.

वह्याही जळाल्या असतील तर पुरवठादारांकडून त्यांच्या खात्यातले तुमचे उतारे मागवा, उधारीच्या ग्राहकांकडून बिलांच्या प्रती घ्या, आणि रोख विक्रीचा अंदाज बँकेतल्या भरण्यावरून बांधा. करखात्याला दिलेली विवरणपत्रे आणि कर्ज देणाऱ्या बँकेकडे दरमहा दिलेली साठ्याची पत्रके दुसऱ्याच्या ताब्यात असल्यामुळे सहसा शाबूत राहतात. नुकसान तपासायला विमा कंपनी जो सर्व्हेअर नेमते, त्याचाही या कागदांवर जास्त विश्वास बसतो, कारण ते आगीच्या आधी तयार झालेले असतात. राखेचा ढिगारा मात्र सर्व्हेअरने पाहिल्याशिवाय उचलू नका. त्यातल्या अर्धवट जळालेल्या खोक्यांची पुढे साक्षीसारखी गरज पडते.

आता एक उदाहरण धरून पुढे जाऊ. विजेच्या सामानाचा एक घाऊक व्यापारी आहे. त्याचे हिशेबाचे वर्ष ३१ मार्चला संपते आणि १८ सप्टेंबरला रात्री, धंदा बंद झाल्यावर, गोदामाला आग लागते. सगळे आकडे रुपयांत आहेत.

पायरी १: गेल्या वर्षाचा दर काढा, आणि मग तो साफ करा

गेल्या वर्षीच्या व्यापार खात्यात असे दिसते: सुरुवातीचा साठा १८,००,०००, खरेदी ९६,००,०००, आवक मालाची वाहतूक २,००,०००, विक्री १,२०,००,००० आणि अखेरचा साठा २०,००,०००.

विकलेल्या मालाची किंमत म्हणजे १८ लाख, ९६ लाख आणि २ लाख यांच्या बेरजेतून २० लाख वजा, म्हणजे ९६ लाख. विक्री १२० लाख, तेव्हा ढोबळ नफा २४ लाख आणि दर २० टक्के.

नवखा माणूस इथे थांबतो आणि २० टक्के घेऊन पुढे निघतो. पण हा दर म्हणजे त्या वर्षी वह्यांत जे काही घडले त्या सगळ्याची खिचडी आहे. आपल्याला हवा आहे नेहमीच्या मालावर नेहमीच्या विक्रीत सुटणारा दर. म्हणून खरेदीचे खाते आणि साठ्याची यादी ओळ न ओळ वाचायची. वाचल्यावर या व्यापाऱ्याकडे तीन गोष्टी सापडतात.

पहिली, खरेदीत १,५०,००० रुपयांचे लोखंडी रॅक आहेत. ते गोदामात लावण्यासाठी घेतले, विकण्यासाठी नव्हे. बिल नेहमीच्याच पुरवठादाराचे होते, म्हणून ते चुकून मालाच्या खरेदीत गेले. हे वजा करायचे. (रॅकही जळाले असतील तर त्यांचा दावा फर्निचरच्या विम्यात येईल, साठ्याच्या नाही.)

दुसरी, मालकाने घरच्या कामासाठी ५०,००० रुपये खरेदी किमतीचे सामान नेले आणि त्याची नोंद केलीच नाही. माल गेला, विक्री झाली नाही. त्यामुळे वह्यांत तेवढा नफा कमी झालेला दिसतो. हेही खरेदीतून वजा.

तिसरी गोष्ट जरा नाजूक आहे. अखेरच्या साठ्यात जुन्या मॉडेलच्या पंख्यांचा एक लॉट होता. खरेदी किंमत १,००,०००, पण खप नसल्यामुळे साठ्यात तो ६०,०००ला धरला. वर्षअखेरीला असे करणे बरोबरच आहे. पण त्या ४०,०००च्या घटीने सगळ्या धंद्याचा नफ्याचा दर खाली ओढला, आणि नेहमीच्या मालाचा त्या घटीशी काही संबंध नाही. म्हणून दर काढण्यापुरता हा लॉट खरेदी किमतीला धरायचा. मग अखेरचा साठा २०,४०,००० होतो.

आता पुन्हा हिशेब करू. खरेदी ९४,००,०००. विकलेल्या मालाची किंमत १८,००,००० + ९४,००,००० + २,००,००० − २०,४०,००० = ९३,६०,०००. नफा २६,४०,०००. विक्रीला भागले की दर निघतो २२ टक्के.

दोन टक्क्यांचा फरक किरकोळ वाटतो. पण चालू वर्षाची विक्री ६५ लाख असेल, तर विक्रीवरचे हे दोन टक्के म्हणजे १,३०,००० रुपये, आणि ते सगळेच्या सगळे जळालेल्या मालाच्या आकड्यात वर-खाली होतात. हा दर ढोबळ म्हटला जात असला, तरी तो ढोबळमानाने धरून चालत नाही.

फरक नेहमी दावेदाराच्या बाजूनेच पडतो असेही नाही. समजा, गेल्या वर्षी अखेरचा साठा १,२०,०००ने फुगवून दाखवला होता. त्याने गेल्या वर्षीचा नफा तेवढाच वाढतो, म्हणजे १२० लाखांच्या विक्रीवर दर बरोबर एका टक्क्याने वाढतो. तोच फुगलेला साठा चालू वर्षात सुरुवातीचा साठा म्हणून येतो. म्हणजे दाव्यात आधी १,२०,००० सरळ वाढले, आणि वाढलेल्या दरामुळे ६५ लाखांच्या विक्रीवर आणखी ६५,००० वाढले. एकच चूक दोन दारांनी आत येते. सर्व्हेअर सर्वात आधी गेल्या वर्षअखेरच्या साठ्याची यादी का मागतात आणि तीच का उलटसुलट तपासतात, त्याचे कारण हे.

दर विक्रीवरचा की खरेदीवरचा?

इथे भरपूर लोक घसरतात. दुकानदार तोंडी सांगतो, "आम्ही पंचवीस टक्के लावतो." तो खरेदी किमतीवर पंचवीस टक्के लावत असतो. १०० चा माल १२५ ला विकला तर विक्रीवरचा नफा २५ भागिले १२५, म्हणजे २० टक्के. या पद्धतीत विक्रीवरचाच दर लागतो. आपल्या उदाहरणातला २२ टक्के दर खरेदीवर मोजला तर तो साधारण २८.२ टक्के होतो. कोणी एखादा दर सांगितला की तो कशावरचा हे विचारल्याशिवाय कागदावर उतरवू नका.

पायरी २: चालू वर्षाची खरेदी आणि विक्री आगीच्या क्षणाला तोडा

वह्या बिलाच्या तारखेने चालतात, आग मात्र प्रत्यक्ष मालाला लागते. म्हणून प्रत्येक नोंदीला एकच प्रश्न विचारायचा: १८ तारखेच्या रात्री हा माल गोदामात होता का? आगीच्या आधीचे दहा-पंधरा दिवस या प्रश्नासाठी बिल आणि चलन शेजारी ठेवून तपासा. घोळ बहुतेक याच दिवसांत असतो.

उदाहरणातली खरेदी वह्यांप्रमाणे ५२,००,००० आहे (परत केलेला माल वजा करून). चलने पाहिल्यावर कळते की १,२०,०००चे एक बिल १६ तारखेला नोंदवले, पण माल २० तारखेला पोहोचला. तो माल वाटेत होता, जळालेला नाही, म्हणून वजा. उलट १७ तारखेला ८०,०००चा माल आला, चलनावर सही झाली, पण बिल यायचे होते म्हणून नोंद राहिली. तो माल जळाला, म्हणून मिळवा. मालकाने याही वर्षी २०,०००चे सामान घरी नेले, ते वजा. शुद्ध खरेदी झाली ५१,४०,०००.

विक्री वह्यांप्रमाणे ६६,००,०००. त्यात १८ तारखेला दुपारी फाडलेले ७०,०००चे एक बिल आहे. माल दुसऱ्या दिवशी टेम्पोत चढायचा होता. तो रात्री गोदामातच जळाला. वह्या म्हणतात तो विकला गेला, पण मालकी अजून ग्राहकाकडे गेली नव्हती, म्हणून ही विक्री वजा करायची. असा माल आपल्या पॉलिसीत धरायचा की नाही हे विक्रीच्या अटींवर ठरते. ग्राहकाने पैसे देऊन माल वेगळा काढून ठेवायला सांगितले असेल, तर मालकी बदललेली असू शकते आणि मग दुसऱ्याचा माल आपल्याकडे असतानाचे पॉलिसीतले कलम वाचावे लागते.

आणखी ३०,००० पडून राहिलेल्या पंख्यांच्या विक्रीचे आहेत. त्या लॉटचा अर्धा भाग, खरेदी किंमत ५०,०००, मिळेल त्या भावाने ३०,०००ला काढला. या विक्रीला २२ टक्क्यांचा दर लावणे चूक, कारण इथे नफा नाहीच, तोटा आहे. म्हणून ही विक्रीही नेहमीच्या विक्रीतून बाहेर काढायची. नेहमीची विक्री उरली ६५,००,०००.

पसंतीवर दिलेल्या मालाबद्दल थोडे वेगळे सांगायला हवे. ग्राहकाकडे 'बघा आणि ठेवा' म्हणून पाठवलेला १,००,००० विक्री किमतीचा माल विक्रीत नोंदला असेल आणि ग्राहकाने अजून होकार कळवला नसेल, तर तो विक्रीतून काढायचा. त्याने हिशेबातला साठा ७८,०००ने वाढतो. पण तो माल गोदामात नव्हता! तेव्हा शेवटी तेच ७८,००० 'बाहेर असलेला माल' म्हणून वजा करायचे. पहिले पाऊल टाकून दुसरे विसरणे ही अगदी नेहमीची चूक आहे, आणि त्याने न जळालेल्या मालाचा दावा होतो. आपल्या व्यापाऱ्याकडे असा माल नाही.

कराबाबत एकच नियम पाळा. खरेदीवर भरलेला कर परत मिळत असेल, तर खरेदी आणि विक्री दोन्ही कर वगळून घ्या. विक्री करासह आणि खरेदी कराशिवाय घेतली की दर खोटा चढतो. आणि दोन्ही वर्षांत एकच रीत ठेवा. वाहतुकीचेही तसेच: माल आणण्याचा खर्च घ्या, माल ग्राहकाला पोहोचवण्याचा खर्च घेऊ नका.

पायरी ३: तात्पुरते व्यापार खाते मांडा

याला मेमोरँडम ट्रेडिंग अकाउंट म्हणतात. ते वह्यांचा भाग नसते, फक्त दाव्यासाठी कागदावर मांडायचे असते. महत्त्वाचे हे की पडून राहिलेला माल यात मिसळायचा नाही. सुरुवातीचा साठा खरेदी किमतीने २०,४०,०००. त्यातून पंख्यांचे १,००,००० काढले की नेहमीचा साठा १९,४०,०००.

| बाब | रक्कम |
|---|---|
| १ एप्रिलचा नेहमीचा साठा | १९,४०,००० |
| शुद्ध खरेदी | ५१,४०,००० |
| आवक मालाची वाहतूक | १,१०,००० |
| एकूण | ७१,९०,००० |
| नेहमीची विक्री | ६५,००,००० |
| वजा: ढोबळ नफा, २२ टक्के | १४,३०,००० |
| विकलेल्या मालाची किंमत | ५०,७०,००० |
| आगीच्या वेळचा नेहमीचा साठा | २१,२०,००० |

आता बाजूला ठेवलेला अर्धा लॉट. त्याची खरेदी किंमत ५०,०००, पण तेवढाच दुसरा अर्धा लॉट ३०,०००ला गेला, म्हणून उरलेल्याची किंमत ३०,०००च. दाव्यात ५०,००० लिहिले तर सर्व्हेअर आधीच्या विक्रीचे बिल समोर ठेवेल. एकूण साठा झाला २१,५०,०००.

काहीच साफसफाई न करता, वह्यांतले आकडे आणि २० टक्के दर घेतला असता तर? २०,००,००० + ५२,००,००० + १,१०,००० − ५२,८०,००० = २०,३०,०००. फरक १,२०,०००. तो याहून मोठा दिसत नाही, कारण काही चुका एकीकडे आणि काही दुसरीकडे ओढत होत्या आणि त्यांनी एकमेकींना थोडे झाकले. हिशेबाचा शेवट पटण्यासारखा आला म्हणजे आतले आकडे बरोबर आहेत असे समजू नये.

पायरी ४: वाचलेला माल वजा करा

गोदामाच्या पुढच्या भागातला २,००,००० खरेदी किमतीचा माल धडधाकट सापडला. आणखी १,५०,००० किमतीचा माल धुराने काळवंडला आणि पाण्याने भिजला. त्याची आजची किंमत सर्व्हेअर आणि व्यापारी यांच्यात ५०,००० ठरली. म्हणजे वाचलेला माल २,५०,०००चा.

नुकसान = २१,५०,००० − २,५०,००० = १९,००,०००.

इथे नेमका वाद होतो तो भिजलेल्या मालावर. किंमत ठरण्याआधी तो कुणाला देऊन टाकू नका, आणि तो तसाच कुजू देऊ नका. विजेच्या सामानात गंज आठवड्यात चढतो, आणि नंतर घसरलेल्या किमतीला कंपनी तुमचा हलगर्जीपणा म्हणू शकते. माल कोरडा करून, वेगळा मांडून, फोटो आणि यादीसह ठेवा, आणि भाव दोन-तीन घेणाऱ्यांकडून लेखी मागवा.

पायरी ५: सरासरीचे कलम लावा

नुकसान १९,००,००० असले म्हणून तेवढे मिळतातच असे नाही. साठ्याची पॉलिसी १७,२०,०००ची आहे, आणि आगीच्या वेळी माल २१,५०,०००चा होता. म्हणजे व्यापाऱ्याने मालाचा ८० टक्केच विमा उतरवला होता. बाकीच्या २० टक्क्यांचा धोका त्याने स्वतःकडे ठेवला असे पॉलिसीतले सरासरीचे कलम मानते. म्हणून

दावा = नुकसान × विमा रक्कम ÷ आगीच्या वेळचा साठा
दावा = १९,००,००० × १७,२०,००० ÷ २१,५०,००० = १५,२०,०००

भागाकारात खाली नुकसान नव्हे, आगीच्या वेळचा संपूर्ण साठा येतो, वाचलेल्या मालासकट. खाली १९,००,००० घातले की उत्तर १७,२०,००० येते आणि दोन लाखांची खोटी आशा लागते. विमा रक्कम साठ्याइतकी किंवा जास्त असती, तर हे कलम लागलेच नसते आणि दावा १९,००,०००च राहिला असता. पॉलिसीत दावेदाराने आधी सोसायची ठराविक रक्कम असेल, तर ती यानंतर वजा होते.

आता साठा फुगवून दाखवण्याचा मोह ज्यांना होतो त्यांनी एवढा हिशेब करून पाहावा. समजा, आगीच्या वेळचा साठा दहा टक्क्यांनी वाढवून २३,६५,००० दाखवला. नुकसान २१,१५,००० दिसेल. पण भाजकही वाढला, म्हणून दावा येतो १५,३८,१८२. दोन लाख पंधरा हजारांच्या खोट्यापोटी हाती जास्तीचे येतात अठरा हजार, आणि खोटेपणा उघड झाला तर संपूर्ण दावा फेटाळला जाऊ शकतो.

उत्तर पटण्यासारखे आहे का, हे कसे ओळखायचे

सर्वात साधी चाचणी म्हणजे साठा किती दिवसांच्या विक्रीचा निघतो ते पाहणे. १ एप्रिल ते १८ सप्टेंबर म्हणजे १७१ दिवस. या दिवसांत ५०,७०,००० किमतीचा माल गेला, म्हणजे रोज सुमारे २९,६५०. २१,२०,०००चा साठा म्हणजे साधारण ७२ दिवसांचा माल. गेल्या वर्षअखेरीला नेहमीचा साठा १९,४०,००० होता आणि वर्षभरात ९३,६०,००० किमतीचा माल गेला होता. तो निघतो ७६ दिवसांचा. दोन्ही जवळ आहेत, तेव्हा उत्तर धंद्याच्या चालीला धरून आहे. ७२ ऐवजी १२० दिवस आले असते, तर कुठेतरी विक्री नोंदायची राहिली आहे किंवा न आलेला माल खरेदीत शिरला आहे, असे समजून पुन्हा चलनांकडे वळावे. सणासुदीच्या आधी कोणी मुद्दाम माल भरतो, तेव्हा दिवस वाढणे खरेही असू शकते. पण मग त्या खरेदीची बिले आगीच्या आधीच्या महिन्यांत ठळक दिसली पाहिजेत.

दुसरी चाचणी नगांची. सगळ्या मालाची करण्याची गरज नाही. किमतीने सर्वात जड असे पाच-सहा प्रकार निवडा, वर्षारंभीचे नग अधिक आलेले नग वजा गेलेले नग असे मांडा, आणि हिशेब सांगतो तेवढे नग ढिगाऱ्यात दिसतात का ते पाहा. तांब्याच्या तारा, मोटारींची बीडाची अंगे, लोखंडी खोकी आगीनंतरही मोजता येतात. हिशेबाने शंभर मोटारी असायला हव्यात आणि राखेत पन्नास अंगे सापडली, तर उरलेल्या पन्नासांचे उत्तर आगीत शोधू नका. त्या बहुधा विकल्या गेल्या पण बिल झाले नाही.

दरच बदललेला असेल तर

ही पद्धत एका गृहीतावर उभी आहे: गेल्या वर्षी जो नफा सुटला तोच यंदाही सुटतो आहे. खरेदीचे भाव चढले आणि विक्रीचे तसेच राहिले, मोठी सूट दिली, किंवा मालाची भेळ बदलली, की हे गृहीत मोडते.

भेळ बदलणे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. समजा, गेल्या वर्षी ६० लाखांची विक्री दिव्यांची होती, नफा ३२ टक्के. आणि ६० लाखांची तारांची, नफा १२ टक्के. सरासरी २२. यंदा दिव्यांची विक्री ७० टक्के झाली आणि तारांची ३०, तर दोन्ही मालांवरचा नफा तसूभरही न बदलता सरासरी २६ टक्के होते. ६५ लाखांच्या विक्रीवर हा फरक २,६०,०००चा. म्हणून ज्यांच्यावरचा नफा फार वेगळा आहे अशा मालांची खाती वेगळी मांडा, आणि शेवटी फक्त साठ्यांची बेरीज करा. सर्व खरेदी-विक्री एकाच खात्यात टाकलेली असेल, तर बिलांवरून प्रकार वेगळे काढायला चार दिवस जातात. ते घालवावेत.

भाव बदललेत अशी शंका असेल, तर आगीच्या आधीच्या तीन-चार महिन्यांतली तीस-चाळीस विक्रीची बिले चाळून निवडा. मोठी, छोटी, रोख, उधार अशी सगळी घ्या, चांगल्या नफ्याची तेवढी वेचू नका. प्रत्येक वस्तूच्या समोर तिचा त्या वेळचा खरेदी भाव आणि वाहतुकीचा वाटा लिहा आणि विक्रीवरचा दर काढा. तो २२च्या आसपास आला, तर गेल्या वर्षाचा दर टिकतो आणि हा तक्ता दाव्याला पुरावा म्हणून जोडता येतो. तो सातत्याने १८-१९ येत असेल, तर २२चा हट्ट सोडावा लागतो आणि यंदाचा दर घ्यावा लागतो. आपल्या उदाहरणात १९ टक्के घेतले, तर नेहमीचा साठा २१,२०,०००वरून १९,२५,०००वर येतो.

मागचा दर म्हणून तीन वर्षांची सरासरी घ्यावी असेही काही जण सांगतात. दर तिन्ही वर्षे २१, २२, २२ असा असेल तर सरासरीने बिघडत नाही. पण तो २६, २४, २२ असा उतरत आला असेल, तर सरासरीचा २४ हा दर धंद्यात आज कुठेच नाही. अशा वेळी सर्वात अलीकडच्या वर्षाचा साफ केलेला दर घ्या, उतार यंदाही चालू आहे का हे बिलांवरून तपासा, आणि जो दर घेतला त्याचे कारण दाव्याच्या कागदावर दोन ओळींत लिहून ठेवा. सर्व्हेअर तो प्रश्न विचारणारच.